डोळा, बूड आणि साल : निद्रिस्त कंदांची ओळख

पाने आणि फुले नसलेला कंद ओळखायचा असतो तेव्हा वनस्पती ओळखण्याची नेहमीची पद्धत सुरुवातीलाच अडते. वनस्पतींची कुळे आणि जाती मुख्यतः फुलांवरून ठरवलेल्या आहेत. पाकळ्या किती, पुंकेसर किती, बीजकोश पाकळ्यांच्या वर आहे की खाली, अशा प्रश्नांवर ही सगळी मांडणी उभी आहे. मातीतून काढलेल्या गाठीवर यातले काहीच नसते. तरीही तिच्यावर वाचण्यासारखे पुष्कळ असते, कारण कंद हा बिनआकाराचा गोळा नव्हे. तो खोडाचा, पानांच्या बुडख्यांचा किंवा मुळाचा फुगलेला भाग असतो आणि ज्या अवयवापासून तो बनला त्याच्या खुणा शेवटपर्यंत अंगावर बाळगतो. खोड असेल तर पेरे आणि डोळे दिसतात, पाने असतील तर पापुद्रे दिसतात, मूळ असेल तर यातले काहीच दिसत नाही.

अशी ओळख पटवण्याची वेळ बहुधा दोन प्रसंगी येते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात जुन्या कुंड्या रिकाम्या करताना किंवा घर बदलताना मातीतून गाठी निघतात आणि लावणाऱ्यालाही त्या कशाच्या होत्या ते आठवत नाही. कडाक्याची थंडी पडते अशा देशांत हे दरवर्षी ठरलेलेच असते. कर्दळ, ग्लॅडिओलस आणि डेलियाचे कंद जमीन गोठण्याआधी उकरून तळघरात ठेवावे लागतात. तिकडे बाग करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे करावे लागते. वसंतात पिशवी उघडेपर्यंत तिच्यावरची चिठ्ठी हरवलेली असते. मग फोटो काढून जाणकाराकडे पाठवला जातो आणि बहुतेक वेळा त्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही. दोष सहसा पाहणाऱ्याचा नसतो. फोटो चुकीच्या बाजूचा असतो.

चार घडणी

स्वयंपाकघरातल्या चार वस्तू डोळ्यांसमोर ठेवल्या तर बागेतले जवळजवळ सगळे कंद त्यांच्या रांगेत बसतात. पहिली वस्तू कांदा. कांद्याचा खाण्याचा भाग म्हणजे पानांचे मांसल बुडखे, एकावर एक गुंडाळलेले. त्यातले खोड म्हणजे बुडाशी असलेली, मुळांची दाढी फुटलेली टणक चकती. उभा कापला की ती चकती आणि तिच्यावरचे थर स्पष्ट दिसतात, आडवा कापला की गोल कडी दिसतात. निशिगंध आणि बागेतल्या बहुतेक 'लिली' याच घडणीच्या आहेत.

दुसरी वस्तू अळकुडी. ती आतून भरीव असते. कापल्यावर थर सुटत नाहीत, पण बाहेरून आडवी वर्तुळे दिसतात, कारण ते आखडलेले खोड आहे आणि प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक पेर आहे. ग्लॅडिओलसचा कंद असाच भरीव असतो. तिसरी वस्तू आले. हेही खोडच, पण आडवे वाढणारे, बोटे फुटत जाणारे; शास्त्रीय मराठीत त्याला मूलक्षोड म्हणतात. कर्दळ इथे येते. चौथे रताळे. ते फुगलेले मूळ असल्यामुळे त्याच्यावर पेरे नसतात आणि ठरलेल्या जागी डोळेही नसतात. डेलियाचे कंद या जातीचे. त्यांचे डोळे कंदावर नसून जुन्या खोडाच्या बुंध्याशी, कंदाच्या मानेवर असतात. म्हणूनच मान तुटलेला डेलियाचा कंद कितीही टपोरा असला तरी त्याला कोंब येत नाही.

फोटोवरून ओळखणाऱ्याचे पहिले काम नाव शोधण्याचे नसते. समोरची गाठ या चारांपैकी कशी घडली आहे, एवढेच त्याला आधी ठरवायचे असते. हे ठरले की शेकडो शक्यतांतून पाच-सहाच उरतात. इथे घाई केली तर पुढचे सगळे चुकते. रंग आणि आकार हे या टप्प्यावर फसवे साक्षीदार आहेत. वाळल्यावर सगळेच कंद तपकिरी होतात आणि मातीचा रंग त्यांच्यावर चढतो. लाल मातीतून निघालेला ग्लॅडिओलस आणि काळ्या मातीतून निघालेला ग्लॅडिओलस शेजारी ठेवले तर दोन वेगळी झाडे वाटतात.

फोटोत काय दिसायला हवे

वर्तमानपत्रावर ओतलेल्या ढिगाचा वरून काढलेला फोटो सर्वांत जास्त पाठवला जातो आणि तोच सर्वांत निरुपयोगी असतो. ढिगातला एक नमुना निवडावा. शक्यतो मोठा, न कुजलेला आणि जुन्या पानांचे किंवा मुळांचे अवशेष राहिलेला घ्यावा. तो धुण्याची घाई करू नये. पाण्याने साल काळपट दिसते, आणि ग्लॅडिओलससारख्या कंदांवरचे जाळीदार वेष्टन चोळून निघून जाते. ओळखीचा मोठा आधार तिथेच हातातून जातो. माती वाळू द्यावी आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने झटकावी.

एका कंदाचे चार फोटो लागतात. पहिला बाजूने, म्हणजे कंद जमिनीत जसा उभा किंवा आडवा होता तसा. दुसरा माथ्याचा, जिथून कोंब येतो तिथला. तिसरा बुडाचा. लोक हाच वगळतात, पण मुळे कुठून फुटली होती आणि खाली जुन्या कंदाचा वण आहे का, हे त्याच्याशिवाय कळत नाही. चौथा कापलेल्या भागाचा. कंद एकच असेल तर कापू नये. नखाने साल जराशी खरवडून आतला रंग दाखवला तरी पुष्कळ कळते. चारही फोटोंत शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला माप आपोआप मिळते. मापाशिवाय पावसाळी लिलीचा गोटीएवढा कांदा आणि ॲमॅरिलिसचा मोसंबीएवढा कांदा फोटोत सारखेच दिसतात.

उजेड सावलीतला हवा. थेट उन्हात सालीवरची वर्तुळे पांढरी पडून नाहीशी होतात, आणि फ्लॅशने तेच होते. कंद पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर ठेवला की कॅमेरा रंग बरोबर पकडतो. फोटोसोबत तीन-चार ओळीही हव्यात: कंद कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळाला, खोलवर होता की वरवर, दाबल्यावर टणक लागतो का, खरवडल्यावर वास येतो का. वास फोटोतून जात नाही आणि काही ओळखी तर केवळ वासावर ठरतात.

एका पिशवीतले तीन नमुने

समजा, मे महिन्यात एका जुन्या बंगल्याच्या ओट्याखाली सुतळीने बांधलेली पिशवी सापडली. आत तीन प्रकारच्या गाठी आहेत आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येकीचे चार फोटो काढले आहेत.

पहिली गाठ पाहणारा पटकन म्हणेल, हे आले आहे. ती आडवी, फांद्या फुटलेली आणि बोटांसारख्या भागांची आहे. पण नाण्याशी ताडून पाहिले तर एकेक भाग तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड निघतो आणि तो आल्यासारखा चपटा नसून गोलसर आहे. त्याच्याभोवती ठरावीक अंतरावर पूर्ण गोल फिरलेल्या रेषा आहेत आणि काही रेषांवर वाळक्या, तपकिरी, त्रिकोणी खवल्यांचे तुकडे चिकटलेले आहेत. टोकाचे डोळे टोकदार आहेत आणि त्यांच्यावर गुलाबी छटा आहे. खालच्या बाजूला सुतळीएवढ्या जाड, वाळलेल्या मुळ्या लोंबतात. वरच्या बाजूला दोन ठिकाणी जुना दांडा तुटल्याचे गोल वण आहेत. खरवडलेली जागा पांढरी आहे आणि सोबतच्या ओळींत लिहिले आहे की वास काहीच येत नाही.

शेवटची ओळ निर्णायक आहे. हळद असती तर खरवडताच केशरी रंग दिसला असता. आले किंवा सोनटक्का असता तर वास आला असता, कारण त्या कुळाच्या आडव्या खोडांत सुगंधी तेल असते. कर्दळीत ते नसते. तिच्यात असते ते पीठ, आणि त्याचे कण वनस्पतींच्या पिठांत सर्वांत मोठ्या कणांमध्ये गणले जातात. ताजा काप भिंगाखाली धरला तर ते चमकतात. आडवी घडण, जाड गोलसर पेरे, गुलाबी टोकदार डोळे, पांढरा काप आणि वासाचा अभाव अशा पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा कर्दळ म्हणायला हरकत नाही. हेलिकोनियाचे आडवे खोडही बिनवासाचे असते आणि तेवढी एक शंका उरते. पण त्याच्या टोकांवर जुन्या पानांच्या देठांचे एकात एक गुंडाळलेले बुडखे राहतात आणि ते केळीच्या छोट्या बुंध्यासारखे दिसतात. कर्दळीच्या गाठीवर तसे काही नसते.

यापुढे फोटो फार काही सांगत नाही. ही कर्दळ पिवळ्या फुलांची की लाल, हे गाठीवरून कळत नाही. डोळ्यांवरचे खवले गडद जांभळे असतील तर पानेही तांबूस-जांभळी निघण्याची शक्यता बरीच असते, पण फुलाचा रंग त्यावरून सांगणारा अंदाज करत असतो.

दुसरी गाठ चपटी आणि गोल आहे, मधोमध जराशी उंच, छोट्या पेढ्यासारखी. रुंदी साडेचार सेंटिमीटर. तिच्यावर तपकिरी वेष्टन आहे, पण ते कांद्याच्या सालीसारखे तुळतुळीत नाही. त्यात वरून खाली जाणारे बारीक तंतू दिसतात. वेष्टन सोलल्यावर आत भरीव, मलईच्या रंगाचा गोळा आहे आणि त्याच्याभोवती चार-पाच आडवी वर्तुळे आहेत. थर नाहीत, म्हणजे हा कांदा नव्हे.

आता माथ्याचा फोटो. मधल्या टोकदार डोळ्याच्या दोन्ही बाजूंना लहान डोळे आहेत आणि ते सगळे एका सरळ रेषेत आहेत, जणू कंदावर भांग पाडला आहे. ही रेषा ग्लॅडिओलसची खास खूण आहे आणि तिचे कारण झाडाच्या पानांत आहे. ग्लॅडिओलसची पाने पंख्यासारखी एकाच पातळीत, एक डावीकडे, एक उजवीकडे अशी येतात. डोळा नेहमी पानाच्या बगलेत असतो, म्हणून डोळेही त्याच पातळीत समोरासमोर पडतात. बटाट्याच्या पानांची मांडणी वर्तुळाकार वर चढत जाणारी असते, त्यामुळे त्याचे डोळे सर्पिल रेषेत विखुरलेले दिसतात. झाड निघून गेले तरी पानांची मांडणी कंदावर कोरलेली राहते, आणि हे पाहण्यासाठी चांगला फोटो पुरतो.

बुडाचा फोटो उरलेली शंका मिटवतो. तिथे खोलगट गोल वण आहे आणि पिशवीतल्या एका कंदाला तर त्या जागी सुरकुतलेली, काळपट चकती अजून चिकटलेली आहे. तो मागच्या वर्षीचा कंद. ग्लॅडिओलस दरवर्षी जुना कंद खर्चून त्याच्या डोक्यावर नवा बनवतो. जुना खाली आकसून राहतो आणि दोघांच्या मधल्या जागेत वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान, कठीण सालीची पिल्ले लागतात. पिशवीच्या तळाशी अशी पिल्ले सापडली तर वेगळा पुरावा लागत नाही. क्रोकोस्मिया नावाच्या जवळच्या झाडात जुने कंद सुटत नाहीत, ते माळेतल्या मण्यांसारखे एकाखाली एक राहतात. फ्रीजियाचा कंद बराच अरुंद, शंकूसारखा निमुळता असतो. केशराचा कंदही तंतुमय वेष्टनाचा आणि भरीव असतो, पण तो सहसा ग्लॅडिओलसएवढा रुंद आणि चपटा नसतो.

इथे एक नेहमीची गफलत नोंदवायला हवी. कॅलेडियम आणि सुरण यांचे कंदही गोल, चपटे आणि भरीव असतात आणि त्यांचे छोटे नमुने ग्लॅडिओलस म्हणून खपतात. त्यांची मुळे मात्र बुडातून फुटत नाहीत. ती माथ्यावर, कोंबाच्या भोवती फुटतात. वाळलेल्या मुळांचे ठिपके वरच्या बाजूला कोंबाभोवती दिसले तर तो ग्लॅडिओलस नाही. मुळे दिसणारी बाजू खाली असणार असे धरून असे कंद पुष्कळदा उलटेही लावले जातात. त्यांना तंतुमय वेष्टनही नसते, आणि कापल्यावर हाताला खाज सुटू शकते.

'लिली' म्हणजे नेमके काय

पिशवीतल्या तिसऱ्या गाठीवर कुणीतरी कधीकाळी 'लिली' लिहिलेली चिठ्ठी बांधली होती. ही चिठ्ठी नसती तर काम सोपे झाले असते.

महाराष्ट्रात लिली हे नाव निदान पाच-सहा वेगळ्या झाडांना दिले जाते. पावसाच्या सरींनंतर गुलाबी, पांढरी, पिवळी फुले देणारी पावसाळी लिली, लांब पांढऱ्या पाकळ्यांची स्पायडर लिली, मे महिन्याच्या सुमारास लाल चेंडू उमलवणारी फुटबॉल लिली, मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची ॲमॅरिलिस आणि क्रायनम. हे सगळे एका कुळातले, निशिगंधाच्या किंवा कांद्याच्या जवळपासचे, पण वनस्पतिशास्त्रातल्या खऱ्या लिलीच्या कुळातले नव्हेत. खरी लिली म्हणजे लिलियम. भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते. दक्षिणेत निलगिरीच्या उंच भागात लिलियम वॉलिकियानमचा एक प्रकार आहे. महाराष्ट्रात दिसणारी लिलियम बहुधा हरितगृहातली असते आणि तिचे कंद बाहेरून आणलेले असतात.

खरी लिली आणि बाकीच्या लिली यांच्यातला फरक कंदावर एका नजरेत कळतो. लिलियमच्या कंदाला बाहेरचे कागदी वेष्टन नसतेच. जाड, मांसल खवले एकमेकांवर सैलसर बसलेले असतात, कमळाच्या मिटत्या कळीसारखे, आणि एकेक खवला बोटाने सुटा करता येतो. तो गोल फिरलेला नसतो, एका बाजूपुरताच असतो. रंग पांढरा, पिवळसर किंवा जांभळट. वेष्टन नसल्यामुळे हा कंद उघड्यावर लवकर सुकतो; पिशवीत कित्येक महिने कोरडा पडून राहिलेला आणि तरीही टणक असलेला कंद लिलियमचा असण्याची शक्यता फारच कमी.

आपल्या पिशवीतला तिसरा कंद मोठ्या कांद्याएवढा आहे. सात सेंटिमीटर रुंद, तपकिरी कागदी सालीचा, आखूड मानेचा. बुडाला जाड, मांसल, अजून जिवंत वाटणारी पांढरी मुळे आहेत. उभ्या कापाच्या फोटोत बुडाची चकती आणि पूर्ण गोल फिरलेले थर दिसतात. म्हणजे लिलियम बाद. आकारामुळे पावसाळी लिली बाद, कारण तिचा कांदा सहसा दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. निशिगंधही बाद: त्याचे कांदे लहान, निमुळते आणि गुच्छात जोडलेले असतात आणि त्यांच्यावर जुन्या पानांचे तंतू राहतात.

आता मुख्यतः तीन नावे उरली: ॲमॅरिलिस, स्पायडर लिली आणि क्रायनम. क्रायनमच्या कांद्याला बहुधा लांब, जाड मान असते आणि त्याचे थर हळूच ओढून फाडले तर दोन तुकड्यांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ताणलेले दिसतात. इथे मान आखूड आहे. कापताना धागे दिसले नाहीत असेही लिहून आले आहे. स्पायडर लिली आणि ॲमॅरिलिस यांच्यातला निवाडा एका बारीक गोष्टीवर करता येतो. कांद्याच्या मानेशी जुन्या फुलदांड्याचा वाळका बुडखा राहिला आहे का ते पाहायचे. ॲमॅरिलिसचा दांडा आतून पोकळ असतो, स्पायडर लिलीचा आणि क्रायनमचा भरीव असतो. माथ्याच्या फोटोत पानांच्या बुडख्यांच्या एका बाजूला वाळलेल्या नळीचे तोंड दिसत असेल, तर तो ॲमॅरिलिसकडे झुकणारा भक्कम पुरावा आहे. बागेतल्या ॲमॅरिलिसचे शास्त्रीय नाव हिपिॲस्ट्रम असे आहे.

बुडखाच सापडला नाही तर प्रामाणिक उत्तर 'या दोघांपैकी एक' असेच द्यायला हवे. अशा ठिकाणी छातीठोकपणे एकच नाव सांगणाऱ्यापेक्षा दोन नावे सांगून पुढची खूण कोणती पाहायची ते सांगणारा जाणकार अधिक विश्वासाचा. कारण जे दिसत नाही ते फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी दिसणार नाही.

ओळख चुकली तर

बागेत लावण्यापुरती चूक फारशी महागात पडत नाही. झाड उगवले की ती आपोआप सुधारते. खाण्याच्या बाबतीत मात्र फोटोवरून केलेल्या ओळखीवर कधीच विसंबू नये, आणि चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. रानकांदा किंवा कोळकांदा हुबेहूब कांद्यासारखा थरांचा असतो, पण त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषे असतात. ॲमॅरिलिस, क्रायनम आणि स्पायडर लिलीचे कांदेही विषारी आहेत. ते खाल्ल्यावर उलट्या होतात. त्यांना कांद्या-लसणाचा तिखट वास नसतो. वास नसलेला कांदा म्हणजे इशारा, हे खरे. पण वास आला म्हणून तो खाण्याजोगा ठरत नाही.

कळलावीचा कंद याहून धोक्याचा. सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणांवर चढणाऱ्या या वेलीची लाल-पिवळी फुले ओळखीची असतात, पण उन्हाळ्यात मातीत तिचे काय असते ते फारसे कुणी पाहिलेले नसते. तो कंद बोटाएवढा किंवा त्याहून जाड, गुळगुळीत आणि बहुतेकदा दोन फाट्यांचा असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा कोनासारखा वाकलेला. कोंब फाट्यांच्या टोकांना असतो. त्यावर पेऱ्यांची वर्तुळे नसल्यामुळे तो रताळ्यासारखा किंवा कोनफळासारखा वाटू शकतो. श्रीलंकेत तो चुकून खाण्यात आल्यामुळे मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यातले कोल्चिसिन हे विष फार थोड्या प्रमाणातही घातक ठरते. बोटभर जाड, दोन फाट्यांची गाठ फोटोत दिसली की ओळखीच्या आधी हातमोजे आणि लहान मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना द्यायला हवी.

दुसरा फोटो, तीन आठवड्यांनंतर

निद्रिस्त कंदाच्या फोटोवरून वंश कळला तर ते चांगले काम झाले. जात आणि वाण कळण्यासाठी कोंब आणि पुढे फूल लागते. म्हणून ओळख अर्धवट राहिलेले कंद ओलसर कोकोपीट किंवा वाळू भरलेल्या कुंडीत लावून ठेवणे हाच पुढचा टप्पा. कोणती बाजू वर हे कळत नसेल तर कंद आडवा ठेवावा, कोंब स्वतःच वळून वर येतो. खोली कंदाच्या उंचीएवढी पुरते. कांद्यासारख्या मोठ्या कंदाची मान मात्र मातीच्या वर राहू द्यावी, नाहीतर मानेत पाणी साचून तो कुजतो. पाणी बेताचे, कारण मुळे फुटेपर्यंत कंद ते ओढून घेऊ शकत नाही.

ग्लॅडिओलसच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. नुकताच काढलेला कंद दोन-तीन महिने काही केल्या उगवत नाही, हा त्याचा ठरलेला विश्रांतीचा काळ असतो. तो लवकर संपावा म्हणून शेतकरी कंद शीतगृहात ठेवतात. कोंब आला नाही म्हणून कंद मेलेला धरून फेकून देणे चूक ठरते. मेलेला कंद वेगळा कळतो: तो हाताला हलका लागतो, दाबल्यावर बसतो किंवा खडूसारखा कोरडा ठिसूळ झालेला असतो आणि खरवडल्यावर आत तपकिरी दिसतो. बुडाशी खोलगट तपकिरी डाग किंवा निळसर-हिरवी बुरशी असेल तर तो कंद बाकीच्यांपासून वेगळा करावा.

पहिले पान उघडते त्या दिवशी काढलेला फोटो आधीच्या चार फोटोंच्या शेजारी ठेवावा. कर्दळीचे पान विडीसारखे गुंडाळलेले वर येते आणि मग रुंद उलगडते. ग्लॅडिओलसची पाने पहिल्यापासून चपटी, तलवारीसारखी, उभ्या शिरांनी भरलेली असतात आणि एकाच पातळीत येतात, जसे डोळे होते तशीच. लिलियमचा एकच सरळ दांडा वर येतो आणि पाने त्याच्याभोवती लागतात. ॲमॅरिलिसची पट्ट्यासारखी पाने कांद्याच्या मानेतून समोरासमोर निघतात, आणि कधी कधी पानांच्याही आधी मानेच्या एका बाजूने जाड फुलदांडा डोके वर काढतो. पहिल्या फोटोंत दिसलेला पोकळ बुडखा ज्या बाजूला होता तशाच बाजूला हा नवा दांडा येतो. फूल उमलून गेल्यावर तो आडवा कापला आणि आत पोकळी निघाली, तर पिशवीवरच्या 'लिली' या चिठ्ठीच्या जागी हिपिॲस्ट्रम हे नाव लिहिता येते.